पांढरा रस्सा थांबत नाही

रिसेप्शनच्या जेवणाआधी यजमानांनी ‘दोन शब्द बोला’ म्हटलं की मी आधी भटारखान्यात डोकावतो. कोल्हापुरातल्या हॉटेलवाल्याने किती बोलायचं, हे पांढरा रस्सा ठरवतो. मटणाच्या अळणीत खसखस-तीळ-काजूचं वाटण आणि नारळाचं दूध पडलं की तो मंद आचेवर नुसता गरम ठेवायचा. खळखळून उकळला की फुटतो. कडेला तेल सुटतं, दूध दाणेदार दिसू लागतं. आच काढून ठेवावी, तर लांबलेल्या भाषणानंतर पाहुण्यांपुढे कोमट वाटी जाते. म्हणून दोन मिनिटं, बास.

शिवाय ते स्वागत माझं नसतंच. जागा माझी असली तरी पाहुणे दोन घरांचे. हॉटेलची स्थापना, आजोबांची खानावळ हे सगळं गिळायचं. (अवघड जातं, खोटं कशाला सांगू?) परवा एवढंच म्हणालो : “मंडळी, दोन्ही घरांच्या वतीनं या, बसा. शाकाहारी पंगत खिडकीच्या बाजूला आहे, तिथली भांडी, डाव, वाढपी सगळं वेगळं. तांबडा तिखट आहे. सोसत नसेल त्यांनी पांढरा मागून घ्या, कितीही वेळा. नवरा-नवरीला आशीर्वाद द्या, पण आधी जेवा. भाकरी तव्यावरून निघालीय.” लोक हसले आणि ताटं मांडली गेली.

आभार मात्र तेव्हा मानत नाही. त्या वेळी मावशी भाकरी थापत असतात, वाढपी बादल्या भरत असतात; ऐकणार कोण? शेवटची पंगत उठत आली की सगळ्यांना बाहेर बोलावतो. तोवर निम्मे पाहुणे गेलेले असतात. जाऊ देत. ज्यांचे आभार मानायचे ते समोर हवेत.

‘आमच्या संपूर्ण स्टाफचे आभार’ या वाक्यानं कुणाच्याच पदरात काही पडत नाही. त्यापेक्षा काम सांगावं. मोरीवरची पोरं धुतलेलं प्रत्येक ताट फडक्यानं कोरडं करून पुढे देत होती, म्हणून तुमची भाकरी खालून भिजली नाही, असं सांगितल्यावर एका आजोबांनी मागे वळून त्या पोरांकडे नीट पाहिलं. वस्तादांबद्दल सांगितलं, की हा माणूस संध्याकाळपासून पांढऱ्याच्या पातेल्यापासून हललेला नाही. मावशी तर पदरानं तोंड झाकून उभ्या.

मग स्टाफची पंगत. तिच्यासाठी मटण पहिली पंगत बसायच्या आधीच बाजूला काढलेलं असतं. नाहीतर शेवटी पातेल्यात नुसता रस्सा उरतो. परवा नवरदेव हौसेनं वाढायला उठला. लाजणाऱ्या मावशींनी दुसऱ्याच वाटीला त्याला टोकलं, “तळापासून ढवळ की रं, नुसता कट काय वाढतोस?”