एक निकाह, दोन साक्षी

हिजरी सन 7 मध्ये प्रेषित मुहम्मद (सल्ल.) उमरा करण्यासाठी मक्केला गेले. त्याच प्रवासात हजरत मैमूना (रजि.) यांच्याशी त्यांचा निकाह झाला. प्रश्न एवढाच आहे की निकाह लागला त्या वेळी प्रेषित इहरामच्या अवस्थेत होते की नव्हते?

हज किंवा उमऱ्याचा संकल्प केल्यापासून विधी पूर्ण होईपर्यंत माणूस इहराममध्ये असतो. या काळात केस कापणं, सुगंध लावणं, शिकार करणं, पतीपत्नीचे संबंध ठेवणं चालत नाही. मग निकाह चालतो का?

हजरत इब्ने अब्बास (रजि.) सांगतात की प्रेषितांनी मैमूना यांच्याशी इहराममध्ये असताना निकाह केला. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. खुद्द मैमूना (रजि.) सांगतात की त्या वेळी प्रेषित इहराममध्ये नव्हते. त्यांची ही हदीस मुस्लिममध्ये आहे आणि ती सांगणारे यजीद बिन असम्म हे त्यांचे भाचे. गंमत अशी की इब्ने अब्बाससुद्धा त्यांचे भाचेच. म्हणजे एकाच घरातल्या दोन बातम्या, दोन्हींची सनद मजबूत, आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध.

दोन हदीसींचा मेळ बसत नसेल तर फकीह सहसा तीन वाटा तपासतात. दोन्हींचा अर्थ जुळवता येतो का, नंतरच्या आदेशाने आधीचा रद्द झाला का, आणि यातलं काहीच जमत नसेल तर कोणती बातमी अधिक वजनदार? बहुतेक फकीह याच क्रमाने जातात. हनफी ग्रंथांत आधी रद्द होण्याचा विचार, मग वजन आणि नंतर जुळवणी असा क्रम सांगितला जातो.

इथे रद्द होण्याची वाट बंद आहे. आदेश बदलू शकतो, घडून गेलेली घटना बदलत नाही. निकाह एकदाच झाला, तेव्हा त्या क्षणी प्रेषित इहराममध्ये होते किंवा नव्हते.

जुळवणीचे प्रयत्न झाले. काहींनी म्हटलं, निकाह इहरामच्या आधी झाला, पण लोकांना तो कळला तेव्हा प्रेषित इहराममध्ये होते. काहींनी भाषेकडे बोट दाखवलं. अरबीत ‘मुहरिम’ हा शब्द इहराममधल्या माणसाला लावतात, तसाच हरमच्या हद्दीत किंवा पवित्र महिन्यात असलेल्यालाही लावतात. तो उमरा जिल्कदमध्ये, म्हणजे पवित्र महिन्यातच झाला होता. अर्थ बसतो, पण ऐकणाऱ्याच्या मनात ‘मुहरिम’ म्हटल्यावर पहिल्यांदा हा अर्थ येत नाही. म्हणून अनेकांचं समाधान झालं नाही आणि वजन करण्याची वेळ आली.

इमाम मालिक, शाफई आणि अहमद यांच्या पंथांनी मैमूना यांची बातमी उचलून धरली. निकाह जिचा लागला तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? इब्ने अब्बास तेव्हा साधारण 10 वर्षांचे होते. निरोप नेणारे अबू राफे (रजि.) यांचीही साक्ष मैमूना यांच्याच बाजूने आहे. शिवाय हजरत उस्मान (रजि.) यांच्याकडून मुस्लिममध्ये आलेला स्पष्ट आदेश आहे की इहराममधल्याने स्वतः निकाह करू नये आणि दुसऱ्याचा लावूनही देऊ नये. कृती प्रेषितांपुरती खास असू शकते, आदेश मात्र सर्वांसाठी असतो.

हनफींचं उत्तरही कच्चं नाही. इब्ने अब्बास यांच्याकडून ही बातमी पुढे नेणारे सईद बिन जुबैर, अता, ताऊस, मुजाहिद हे सगळे स्वतः मोठे फकीह होते, असं इमाम तहावी दाखवून देतात. अबू राफे यांच्या सनदीबद्दल खुद्द तिर्मिजींनी नोंदवलं आहे की ती अखंड स्वरूपात एकाच वाटेने येते, आणि इमाम मालिक यांनी ती तुटक स्वरूपातच सांगितली आहे. उस्मान यांच्या हदीसीतला ‘निकाह’ म्हणजे पतीपत्नीचे संबंध, किंवा तिथली मनाई नापसंतीची आहे, असा अर्थ ते लावतात.

याचा परिणाम आजही दिसतो. आपल्याकडे कोकणातले बरेच मुसलमान शाफई आहेत, तर घाटावरचे बहुतेक हनफी. इहराममध्ये कोणी निकाह लावला तर शाफई मताने तो झालाच नाही, इहराम उतरल्यावर पुन्हा लावावा लागेल. हनफी मताने तो वैध आहे, फक्त इहराम संपेपर्यंत संबंध नको. म्हणून साधा सल्ला असा की निकाह इहरामच्या आधी किंवा नंतर लावावा. मग कोणत्याच पंथात शंका उरत नाही.

‘हदीस सहीह आहे’ एवढं म्हटलं की वाद मिटला, असं अनेकांना वाटतं. इथे दोन्ही सहीह आहेत. फकीहांचं खरं काम त्यानंतर सुरू झालं: सांगणारा कुठे उभा होता, त्याला ते कसं कळलं, आणि त्याने वापरलेल्या शब्दाचे अर्थ किती.