सशाला उपास नसतो

आमच्या घरात उपास ही काही नवी गोष्ट नाही. अष्टमी-चतुर्दशीला पोटाला विश्रांती द्यायची, हे मी सासूबाईंकडून शिकले. म्हणून त्या श्रावणातल्या सकाळी कापूसनं, आमच्या पांढऱ्या सशानं, गाजराकडे पाठ फिरवली तेव्हा मला वाटलं, पोट बिघडलं असेल, राहू दे एक दिवस उपाशी. माझी चूक झाली ती इथेच.

आदल्या रात्रीचा पालाही तसाच पडला होता. पिंजरा झाडायला घेतला तर एरवी सुपलीभर निघणाऱ्या लेंड्या त्या दिवशी मोजून सात-आठ, त्याही मिऱ्याएवढ्या बारीक. कापूस कोपऱ्यात पाठीला पोक काढून, डोळे अर्धे मिटून बसलेला. मध्येच पोट जमिनीला घट्ट टेकवायचा. जवळ कान नेला तर दातांचा कर्रकर्र आवाज. लाडात आला की ससा हळूच दात वाजवतो, पण हा आवाज त्यातला नव्हता. दुपारी भाची घरी आली आणि बघताक्षणी म्हणाली, "मामी, हा दुखणं सोसतोय. आत्ताच्या आत्ता चला."

पाळीहून पावसातून गाडी काढली आणि त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी हातानं पोट चाचपलं, मग नळी लावून ऐकलं. सशाच्या पोटात सतत गुरगुर चालू हवी, इथे जवळजवळ शांतता. ताप मोजला तर ९९ फॅरनहाइट. मला हायसं वाटलं, पण ते गंभीर झाले. सशाचं अंग साधारण १०१ ते १०४ असतं. म्हणजे हा गार पडत चालला होता.

"काकी, माणसाचं पोट रिकामं राहू शकतं, सशाचं नाही," त्यांनी समजावलं. सशाचं आतडं मागून येणाऱ्या चोथ्याच्या रेट्यावर चालतं. खाणं थांबलं की ते मंदावतं. आतला ऐवज पाणी सुटून सुकतो, घट्ट होतो, वायू धरतो. वायूनं पोट दुखतं, दुखतं म्हणून ससा खात नाही, खात नाही म्हणून आतडं आणखी थांबतं. त्यात त्याला उलटीही करता येत नाही. उपाशीपोटी अंगातली चरबी यकृतात साठू लागते, तो वेगळाच धोका. म्हणून दहा-बारा तास तोंडात काही गेलं नाही की उद्याची वाट बघायची नाही.

मग त्यांनी विचारलं, "हल्ली काय खातो?" मी गप्प. पावसात सुकं गवत मिळेना, ओलं लगेच बुरसतं, म्हणून महिनाभर मी त्याला पोळी आणि बिस्किटं देत होते. तो खायचाही आवडीनं. पण चोथा कमी आणि पीठ जास्त झालं की आतड्याचं चाक अडतं. दातांचं दुखणं, फटाक्यांची भीती, उकाडा, कमी पाणी, यांनीही तेच होतं. पोटात केसांचा गोळा सापडला तर आपण केसांना दोष देतो, पण बहुतेकदा आतडं थांबलं म्हणून केस अडकलेले असतात.

खायला घालण्याआधी त्यांनी फोटो काढला. आतडं कुठे बंद झालं असेल तर जबरदस्तीनं भरवणं जिवावर बेततं. पोट टम्म फुगलेलं असलं तर घरी भरवूच नका, असं बजावलं. कापूसला अडथळा नव्हता. आधी दुखणं थांबवायचं इंजेक्शन, कारण वेदनेनंच आतडं गोठतं. मग सलाईन, अंगाच्या उबेएवढं कोमट केलेलं. दिवसाला किलोमागे साधारण शंभर मिली, असा हिशेब. कापूस दीड किलोचा, म्हणजे दीडशे मिली. त्यातलं अर्धं मानेमागच्या सैल कातडीखाली दिलं. उंटासारखी मदार दिसली, ती हळूहळू जिरली. आतला सुकलेला ऐवज पुन्हा भिजावा, म्हणून हे पाणी.

घरी गरम पाण्याची बाटली पंचात गुंडाळून शेजारी ठेवली. डॉक्टरांनी दिलेली गवताच्या पुडीची पेज सुई नसलेल्या सिरिंजनं, तोंडाच्या कडेनं, एकेक मिली, तो गिळेल तसतशी घातली. दर तीन-चार तासांनी. रात्रभर मी आणि भाची आळीपाळीनं जागलो.

पहाटे पिंजऱ्यात पाच लेंड्या होत्या. लहान, ओबडधोबड, पण ताज्या. थोड्या वेळानं त्यानं कोथिंबिरीची एक काडी ओढली. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ पारणी पाहिली, पण अशा काळजीनं एकाही पारण्याची वाट पाहिली नव्हती.

आता पावसाआधीच सुकं गवत पोत्यात भरून माळ्यावर ठेवते. बिस्किटं बंद. आणि रोज सकाळी चहाआधी पिंजरा झाडताना लेंड्या बघते. कमी दिसल्या, तर त्या दिवशी चहा नंतर.