खरवईतला पहिला आठवडा: ईटीपीवरच्या नव्या केमिस्टचे नियोजन

रासायनिक कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया विभागात, म्हणजे ईटीपीवर, नव्याने रुजू होणाऱ्या केमिस्टच्या पहिल्या आठवड्यात दोन कामे असतात. ज्यांच्या हातात प्लँट आहे त्या माणसांशी बोलणे सुरू व्हावे लागते, आणि सगळ्यांच्या डोळ्यांना दिसेल असे एखादे छोटे काम पूर्ण व्हावे लागते. ही दोन कामे वेगवेगळी आखली तर दुसरे सहसा फसते. बदलापूर पूर्वेच्या खरवई औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात प्रस्तुत लेखिका रुजू झाली, तेव्हाचा आठवडा येथे उदाहरणादाखल घेतला आहे.

नियोजन शिफ्टपासून सुरू होते. या कारखान्यात सकाळी सात ते दुपारी तीन, तीन ते रात्री अकरा आणि अकरा ते सकाळी सात अशा तीन शिफ्ट होत्या. केमिस्टची मात्र जनरल ड्युटी, नऊ ते साडेपाच. नेमून दिलेल्या वेळेतच येणाऱ्या केमिस्टला पहिल्या शिफ्टचा ऑपरेटर रोज दिसतो, दुसऱ्या शिफ्टचा अडीच तास दिसतो, आणि तिसऱ्या शिफ्टचा महिनाभर फक्त लॉगबुकातल्या अक्षरावरून माहीत असतो. आठवड्यात एकदा सकाळी पावणेसातला पोचणे आणि एकदा संध्याकाळी उशिरापर्यंत थांबणे, एवढ्यानेच तिघांशीही समोरासमोर बोलणे होते. बदलापूर स्टेशनवरून शेअर रिक्षा मिळते, त्यामुळे हे अवघड नाही. फक्त आधी ठरवावे लागते.

साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असल्याने तिथला आठवडा शनिवारी सुरू होई आणि गुरुवारी संपे. रविवारी शेठचे मुंबईचे ऑफिस बंद, म्हणून फोन कमी आणि मीटिंग नाही. पहिल्या आठवड्यातला सर्वांत उपयोगी दिवस हाच. त्या दिवशी लेखिकेने पाण्याच्या वाटेने पायी फेरी मारली: रिअ‍ॅक्टरखालच्या गटारापासून कलेक्शन टाकी, तिथून चुना मिसळण्याची टाकी, मग तुरटी आणि पॉलिमर, सेटलिंग टाकी, एअरेशन, आणि शेवटी गाळ वाळवण्याचे वाफे. सोबत पहिल्या शिफ्टचे ऑपरेटर काका होते. प्रत्येक टाकीपाशी त्यांना एकच प्रश्न विचारला: ‘काका, इथे सगळ्यात जास्त डोकेदुखी कशाची?’

उत्तर चुन्याच्या टाकीपाशी आले. पीएच मीटर कित्येक महिने बंद होता, म्हणून काका पीएच पेपर बुडवून रंग पाहत. पण सांडपाण्याला स्वतःचाच पिवळसर-तपकिरी रंग होता आणि तो पेपरवर चढे. कागद नेमके काय सांगतो ते कळत नसल्याने काका सुरक्षित बाजू धरून थोडा जास्त चुना टाकत. तेच पुढे म्हणाले, ‘मग तुरटी कितीही घाला मॅडम, पाणी गढूळच राहतं.’ कारण त्यांना ठाऊक नव्हते, पण दोष नेमका कुठे आहे हे त्यांनी बरोबर दाखवले होते. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात जे दिसणारे काम करता येते, ते बहुतेक वेळा असे आधीपासून कोणाला तरी माहीत असते. फक्त ते मागणी म्हणून वरपर्यंत गेलेले नसते.

सोमवारी एक चूक झाली. मीटर बंद असल्याची नोंद लेखिकेने लॉगबुकात लाल पेनाने, तारखेसह केली. तांत्रिकदृष्ट्या नोंद बरोबर होती. पण लॉगबुक प्रॉडक्शन मॅनेजरही वाचतात, आणि त्या पानावर सही काकांची होती. वाचणाऱ्याला ती ऑपरेटरविरुद्धची तक्रार वाटली. दुपारपर्यंत काका ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे बोलेनासे झाले. उपाय साधा होता, पण त्याच दिवशी करणे गरजेचे होते. त्याच नोंदीखाली ‘मीटर नादुरुस्त असल्याचे ऑपरेटरने लक्षात आणून दिले; दुरुस्तीची जबाबदारी केमिस्टची’ असे लिहून खाली सही केली आणि ते पान काकांना दाखवले. पहिल्या आठवड्यात लेखी नोंद करण्याआधी ती कोणाच्या सहीच्या वर बसणार आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

कोणते काम हाती घ्यायचे, हे त्याचा परिणाम किती वेळात दिसतो त्यावर ठरवावे. ईटीपीत मोह एअरेशन टाकीचा होतो, कारण तिथला फेस आणि वास लगेच नजरेत भरतो. पण तिथे जिवाणू काम करतात. हवा, पोषण किंवा गाळ परत पाठवण्याचे प्रमाण बदलले तर खरा परिणाम दोन-तीन आठवड्यांनी कळतो, आणि दरम्यान काही बिघडले तर ते नव्या माणसामुळेच झाले असे ठरते. चुना-तुरटीचा परिणाम मात्र बीकरमध्ये तासाभरात दिसतो, आणि पटला नाही तर पुढच्या बॅचला जुना डोस परत लावता येतो. बाहेर जाणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह, फ्लोमीटर आणि नमुना घेण्याची जागा या गोष्टी संमतीपत्राच्या अटींशी बांधलेल्या असल्याने पहिल्या आठवड्यात त्यांना हात लावू नये.

मीटरचे काम मंगळवारी झाले. इलेक्ट्रोड कोरडा ठेवलेला होता. काचेचा इलेक्ट्रोड वाळला की आकडा सावकाश सरकत राहतो, स्थिर होत नाही. बिघाड ओळखण्याची ही सोपी खूण आहे. तो रात्रभर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडवून ठेवला. लॅबकडून ७ आणि ९.२ पीएचच्या बफरच्या गोळ्या मिळाल्या. लॅबच्या केमिस्टची ओळख याच निमित्ताने झाली, आणि ती नुसत्या चहापेक्षा पक्की ठरली, कारण तिचे बफर वापरले की तिला निकाल परत दाखवावाच लागतो. सकाळी मीटर दोन्ही बफरवर लावून घेतला आणि चुन्यानंतरचे पाणी मोजले. पीएच ९.८ निघाला. काकांच्या कागदावर तो साडेआठच्या आसपास दिसत होता.

तुरटी साधारण ६ ते ७.५ या पीएचमध्ये चांगली काम करते. त्यापेक्षा वर गेले की अ‍ॅल्युमिनियमचा काही भाग पुन्हा पाण्यात विरघळतो, गोळे बारीक आणि कच्चे बनतात आणि खाली बसत नाहीत. पण म्हणून लगेच चुना कमी करायचा नसतो. सांडपाण्यात तांबे किंवा निकेल असेल तर ते खाली बसवण्यासाठी वरचाच पीएच लागतो. हे ईटीपीवर उभे राहून कळत नाही. ते प्रॉडक्शनला माहीत असते. म्हणून बुधवारच्या चाचणीआधी प्रॉडक्शन मॅनेजरांना भेटणे भाग होते, आणि नव्या माणसाच्या सदिच्छा भेटीपेक्षा ही भेट वेगळी झाली. प्रश्न ठरावीक होता: चालू असलेल्या उत्पादनात धातूचा कॅटॅलिस्ट आहे का, आणि पुढच्या महिन्यात येणार आहे का? सध्या नव्हता. त्यांनीही आपली अडचण सांगितली: कलेक्शन टाकी भरल्याने रिअ‍ॅक्टर धुणे अडते. रिअ‍ॅक्टर धुण्याआधी शिफ्ट सुपरवायझरने ईटीपीला फोन करायचा आणि वेळ फळ्यावर लिहायची, एवढे त्या वीस मिनिटांत ठरले.

बुधवारी जार टेस्ट केली, तीही शिफ्ट बदलताना, तीन वाजायच्या सुमारास, म्हणजे दोन शिफ्टचे ऑपरेटर हजर असतील. सहा बीकर, प्रत्येकात ५०० मि.लि. पाणी. तीन बीकरमध्ये ९.८ पीएचचे, उरलेल्या तीनमध्ये चुना कमी घालून ७.८ वर आणलेले. तुरटी आम्लधर्मी असल्याने ती घातल्यावर पीएच आणखी उतरतो, हे धरूनच ७.८ ठेवला. दोन्ही गटांत एक टक्का तुरटीचे द्रावण १०, १५ आणि २० मि.लि. घातले, ५०० मि.लि. पाण्यात याचा अर्थ लिटरला २००, ३०० आणि ४०० मि.ग्रॅ. तुरटी. एक मिनिट जोरात ढवळणे, पंधरा मिनिटे सावकाश, मग अर्धा तास काहीही न हलवता ठेवणे. ढवळायला काका होते. लेखिका घड्याळ पाहत होती आणि आकडे लिहीत होती.

अर्ध्या तासाने वरच्या पीएचचे तिन्ही बीकर धूसर होते, ४०० मि.ग्रॅ.चासुद्धा. खालच्या पीएचमध्ये ३०० मि.ग्रॅ.च्या बीकरमागे धरलेल्या वर्तमानपत्राची अक्षरे वाचता येत होती. ४०० ने त्यात फारसा फरक पडला नाही. दुसऱ्या शिफ्टचे ऑपरेटर वाकून बघत म्हणाले, ‘आता टाकीत करून बघू या.’ हे वाक्य केमिस्टने म्हणण्यापेक्षा त्यांनी म्हणणे महत्त्वाचे होते, कारण त्या संध्याकाळी डोस घालणारे तेच होते. दिवसाला २० घनमीटर पाणी धरले तर तुरटी आठ किलोवरून सहावर येते. रक्कम मोठी नाही. पहिल्या आठवड्यात ती फुगवून सांगू नये. दाखवण्याची गोष्ट बीकर आहे.

नव्या जागी सुरुवातीच्या यशाला फार महत्त्व आहे, हा विचार मायकल वॉटकिन्स यांच्या २००३ च्या पुस्तकाने जगभर पोचवला. पण ते पुस्तक पहिल्या ९० दिवसांचे आहे आणि मुख्यतः नेतृत्वाची जबाबदारी असलेल्या माणसासाठी लिहिलेले आहे. ईटीपीच्या केमिस्टच्या हातात बजेट नसते, माणसे नेमण्याचा अधिकार नसतो. तिच्या हातात असतात नमुन्याची बाटली, लॉगबुक आणि शिफ्ट बदलण्याची ती पंधरा मिनिटे. म्हणून मुदतही लहान धरावी आणि कामही.

गुरुवारी पावणेसातला तिसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरशी भेट झाली. नवा डोस रात्री त्यांनीच चालवला होता. त्याच दिवशी मॅनेजरांना अर्ध्या पानाचा अहवाल दिला. त्यात तीन गोष्टी होत्या: काय बदलले आणि ते कोणी सुचवले, धातूचा कॅटॅलिस्ट सुरू होणार असेल तर हा डोस लागू नाही, आणि एअरेशनचे निरीक्षण महिनाभर फक्त लिहून ठेवले जाईल, बदल होणार नाही. सुचवणाऱ्याच्या जागी काकांचे नाव होते, आणि अहवाल पाठवण्याआधी तो त्यांना वाचून दाखवला होता.

संबंध जुळला की नाही, हे हसून बोलण्यावरून ठरवता येत नाही. ईटीपीवर त्याच्या खुणा वेगळ्या असतात. काही बिघडले तर ऑपरेटर लॉगबुकात लिहिण्याआधी फोन करतो का, आणि न सांगता नमुना राखून ठेवतो का, हे पाहावे. शुक्रवारच्या सुट्टीनंतर शनिवारी लेखिका पोचली, तेव्हा टेबलावर सेटलिंग टाकीच्या पाण्याची एक बाटली उभी होती. तिला चिकटपट्टी लावून त्यावर वेळ लिहिली होती, ५.४०, आणि शेजारी पीएच, ७.१. इलेक्ट्रोड पुन्हा द्रावणात बुडवून ठेवलेला होता.