रागाच्या आधीचा क्षण

अण्णांची साखर ४८ वर आली होती. इन्शुलिन टोचून, न जेवता ते बाजाराला गेले आणि भाजीच्या गाड्याजवळ मटकन खाली बसले. कुणीतरी पाण्यात साखर कालवून पाजली म्हणून निभावलं. मी पुण्याहून तीन तासांत गावी पोचलो आणि पलंगावर बसलेल्या माझ्या वडिलांना पहिलं वाक्य बोललो ते असं : "तुम्हाला काही अक्कल आहे का?"

त्यानंतर बारा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ताईने मला एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. राग आवरायचा कसा ते त्या शिकवतील अशी माझी समजूत होती. त्यांनी विचारलं भलतंच. "राग यायच्या आधी काय झालं?"

मी म्हणालो, आधी काही नव्हतंच, थेट राग आला.

"ताईंचा फोन आला तेव्हा?"

तेव्हा पोटात गोळा आला होता. गाडीची किल्ली कुलपात बसेना, बोटं गार पडली होती. हे सांगताना माझाच आवाज बदलला. बाई म्हणाल्या, "राग आला की बहुतेकांचे हात तापतात, जबडा आवळतो. तुमचे हात गार पडले होते. याला तुम्ही काय म्हणाल?"

मला शब्द सापडेना. पंचेचाळिशीच्या माणसाला 'भीती' हा शब्द स्वतःबद्दल उच्चारायला किती वेळ लागावा? मला तो तास पुरला नाही.

पुढच्या वेळी त्यांनी नीट समजावलं. लेस ग्रीनबर्ग आणि स्यू जॉन्सन यांनी १९८०च्या दशकात जोडप्यांसाठी जी उपचारपद्धती मांडली, तिच्यात आधी उमटलेली भावना आणि तिच्यावर चढलेली दुसरी भावना असा फरक करतात. भीती, दुःख किंवा लाज उमटते, ती सोसवत नाही, आणि क्षणात तिच्यावर राग चढतो. समोरच्याला फक्त तो रागच दिसतो, मग तो स्वतःला वाचवतो किंवा गप्प होतो. अण्णा गप्प झाले होते.

घरी सराव म्हणून एक वाक्य लिहून आणायचं होतं. मी लिहिलं, "मला वाटतं की तुम्हाला आमची पर्वाच नाही." बाईंनी 'की' या अक्षराभोवती गोल केला. आपल्या मराठीत 'वाटतं' हा शब्द मतालाही चालतो आणि भावनेलाही. 'वाटतं'नंतर 'की' आला तर बहुधा ते मत असतं, आणि माझं तर सरळ आरोपपत्र होतं. भीती वाटते, वाईट वाटतं, एकटं वाटतं, यांना 'की' लागत नाही. मी घाईने 'काळजी वाटते' असं दुरुस्त केलं. त्यावरही त्या थांबल्या. काळजी खरीच असते, पण आमच्या घरात काळजी म्हणजे सूचना : डबा घेतला का, गोळी घेतली का, फोन का उचलला नाही. त्या शब्दाआड मी पुन्हा मोठा होत होतो आणि अण्णा लहान. 'घाबरलो' म्हटलं की दोघं एका उंचीवर येतात.

प्रत्येक रागाखाली असं काही असतंच असं नाही, हेही त्यांनी बजावलं. ठेकेदाराने मजुरांचे पैसे बुडवले तेव्हा आलेला माझा राग मी असाच खोदत बसलो होतो. तो निखळ राग होता, अन्यायावरचा, आणि तो तसाच बोलायला हवा होता. शिवाय हळवी गोष्ट ऐकून जो माणूस तिचंच हत्यार करतो, त्याच्यापुढे ती उघडी करू नये. आणि छाती धडधडत असताना तर बोलूच नये. निदान वीस मिनिटं चालून यावं, आणि चालताना उत्तरं जुळवत बसू नये. हे शेवटचं मला अजून जमत नाही.

तेराव्या दिवशी मी अण्णांना फोन केला. वाक्य कागदावर समोर होतं. "अण्णा, ताईचा फोन आला तेव्हा मी फार घाबरलो. तुम्ही आता नाही, असंच वाटलं मला. ओरडलो ते चुकलं."

पलीकडे बराच वेळ फक्त त्यांचा श्वास. मग ते सावकाश सांगू लागले. आधी घाम फुटला, मग दुकानाच्या पाटीवरची अक्षरं हलायला लागली, समोरच्या भाजीवालीचं नाव आठवेना. वीस वर्षं ओळखतात ते तिला. "आणि हे तिसऱ्यांदा झालं रे," ते म्हणाले. "आधीचं सांगितलं नाही. तू ओरडशील म्हणून."

पोटात तोच गोळा आला. जीभ उचलली गेलीच होती, तिसऱ्यांदा? मी टेबलाची कड घट्ट धरली आणि म्हणालो, "अण्णा, मला आत्ता पुन्हा भीती वाटतेय. थोडं थांबा, पण फोन ठेवू नका."

"नाही ठेवत," ते म्हणाले.