शाहूपुरीचा गूळ ‘गुल’ कसा होतो?

१/ कोल्हापूरची शाहूपुरी म्हणजे राजर्षी शाहूंच्या काळात वसलेली, गुळाच्या व्यापाराने नावारूपाला आलेली पेठ. तिच्या इतिहासावर लिहिणाऱ्या एखाद्या तरुणाने आपल्या खात्यासाठी ‘शाहूपुरीचा गूळ’ हे नाव निवडले, असे समजू. रोमन लिपीत ते shahupurichagul होते. मित्र ते पुन्हा देवनागरीत लिहितात तेव्हा मात्र ‘शाहूपुरीचा गुल’ उमटते. गूळ नाहीसा होतो, खरोखरच गुल होतो.

२/ रोमनमध्ये ‘ळ’ला वेगळे अक्षर नाही, l हेच ‘ल’ आणि ‘ळ’ दोहोंचे काम करते. u देखील ऱ्हस्व-दीर्घ भेद दाखवत नाही. तरीही ‘शाहूपुरी’ बिनचूक वाचली जाते, कारण त्या अक्षरांत बसणारा दुसरा शब्दच नाही. gul मध्ये मात्र ‘गूळ’ही बसतो आणि ‘गुल’ही. धोका नेमका अशा जागी असतो.

३/ हा घोळ जुना आहे. ग्रँट डफच्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात संभाजी Sumbhajee असा येतो. इंग्रजी sun मधल्या u चा उच्चार त्याने ‘अ’साठी घेतला, आजचा वाचक तेच ‘सुंभाजी’ वाचेल. पुढे १८७० च्या दशकात हंटरची पद्धत आली. तिने a ‘अ’ला दिला आणि ‘आ’साठी त्यावर खूण ठेवली. नित्याच्या लेखनात ती खूण गळाली, अक्षर तेवढे उरले.

४/ मग ‘ळ’ परत आणता येईल का? संगणकावरच्या आयट्रान्स पद्धतीत ‘ळ’साठी मोठा L लिहितात, पण खात्याच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांचा भेद धरला जात नाही. gool लिहिले तर दीर्घ ऊकार सुचतो, ‘ळ’ तरीही हरवलेलाच राहतो. म्हणून अक्षरे बदलण्यापेक्षा शब्द बदलणे श्रेयस्कर.

५/ शब्दांचे सांधेही पाहावेत. ‘शाहूपुरीचा इतिहास’ सलग लिहिला की shahupurichaitihas होतो आणि त्याच्या मधोमध chai दिसू लागतो. शिवाय त्यात १८ अक्षरे आहेत. ‘एक्स’वर १५ चीच मर्यादा आहे.

६/ त्यापेक्षा shahupuri_peth पाहा. अधोरेषेसह १४ चिन्हे. th हे ‘थ’ही असू शकते, पण ‘पेथ’ असा परिचित शब्द नाही. म्हणून मराठी वाचक आपोआप ‘पेठ’ लिहितो. नाव पक्के करण्यापूर्वी ते दोघांना दाखवावे, त्यांतला एक कोल्हापूरबाहेरचा असावा. अर्थ न सांगता दोघांकडून देवनागरीत लिहून घ्यावे. दोघांचे लेखन मूळ नावाशी जुळले, तर नाव टिकेल. गूळ हवाच असेल, तर खात्याच्या दर्शनी नावात तो देवनागरीत लिहावा. तिथे ‘ळ’ला मज्जाव नाही.