चालायचे बूट, पळायचे बूट

परभणीला गेलो की सकाळी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर एक चक्कर ठरलेली. तिथे दोन जमाती दिसतात. एक बाबांच्या वयाची, फिरायला येणारी. दुसरी पोलीस भरतीसाठी १६०० मीटरचा सराव करणारी पोरं. गंमत म्हणजे आमच्या घरात बाबांच्या पायात रनिंग शूज (मीच पुण्याहून आणलेले) आणि चुलत भावाच्या पायात वॉकिंग शूज. तो महिनाभर त्यातच पळतोय आणि आता नडगी दुखते म्हणतो. भरती तोंडावर.

"दादा, बूट तर बूटच असतो ना?"

नसतो रे. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, त्यामुळे पायावर येणारा भार वजनापेक्षा फार वाढत नाही. पळताना दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात आणि प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन-अडीच पट दणका बसतो. रनिंग शूजमधला जाड फोम तो दणका खातो. वॉकिंग शूजमधला थर सहसा पातळ आणि टणक असतो, कारण त्याचं काम टाचेपासून बोटांपर्यंत पाऊल सहज वळू देणं. बस पकडायला पळालात तर काही बिघडत नाही, रोज पाच किलोमीटर पळणं वेगळं.

लवचिकता घरीच तपासता येते. टाच एका हातात, टोक दुसऱ्या हातात धरून बूट दाबा. तो चवड्यापाशी, म्हणजे बोटं वळतात तिथे वळायला हवा. मधोमध घडी पडली तर दोन्ही कामांना बाद. अजिबात वळलाच नाही, तर तो शर्यतीचा कार्बन प्लेटवाला असू शकतो, त्यात रमतगमत चालणं अवघडच.

बाबांचे साधे रनिंग शूज मात्र चालायला झकास. अडचण झिजण्याची. त्यांच्या तळाचं रबर वजन कमी ठेवायला बऱ्याचदा मऊ असतं, खडबडीत डांबरावर ते लवकर घासतं, आणि चालताना टाचेची बाहेरची कड आधी जाते. बूट टेबलावर ठेवून मागून बघा. एका बाजूला कलला असेल तर संपला.

फोम मात्र तळ शाबूत दिसत असतानाही मरतो. ढोबळ हिशेब ५०० ते ८०० किलोमीटरचा. भाऊ रोज ५ किलोमीटर, महिन्यात २५ दिवस पळाला तर १२५ किलोमीटर, म्हणजे चार ते सहा महिने. बाबांचं अंतर तेवढंच असलं तरी दणका कमी, त्यामुळे त्यांचा फोम जास्त टिकेल. बाजूच्या फोमवर आडव्या सुरकुत्या कायमच्या दिसल्या आणि अंगठ्याने दाबून तो दबेनासा झाला की बदलायचा.

आणि हो, काळ्या मातीचा चिखल धुतल्यावर बूट एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर ठेवू नका, चिकटवलेला तळ सुटतो. सावलीत, आत रद्दी कोंबून.

भावाला साधे रनिंग शूज घेऊन दिलेत. नडगी थांबेपर्यंत पळणं बंद आणि दुखणं राहिलंच तर डॉक्टर, असं बजावलंय. जुने वॉकिंग शूज आता काकांकडे आहेत, ते फक्त चालतात :)