‘घरगुती कारणास्तव’ : दोन शब्दांनी गेलेली पेन्शन



घाटकोपर पूर्वेच्या आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत पोरं लोकसेवा आयोगाची तयारी करतात. निकाल लागला की पेढे येतात, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार होतो, फोटो निघतात. या गडबडीत एक गोष्ट कुणी विचारत नाही, आणि आम्हीही बरीच वर्षे विचारली नाही. जो आधीच सरकारी नोकरीत आहे, तो ती सोडून नव्या जागी जाताना राजीनामा नक्की काय शब्दांत लिहितो?

हे आम्हाला शिकवलं मुलुंडच्या एका ताईंनी. त्यांचं आणि कार्यालयांचं नाव इथे देत नाही. ताई जून २००३ मध्ये अंधेरीतल्या एका शासकीय कार्यालयात लिपिक म्हणून लागल्या. घरातली पहिली सरकारी नोकरी. पुढे रीतसर परवानगी घेऊन वरच्या पदाची परीक्षा दिली, निवड झाली. आस्थापना शाखेतल्या एका बाबूने सांगितलं, “साध्या कागदावर दोन ओळी लिहा, लगेच मंजूर करून घेतो.” ताईंनी लिहिलं, “घरगुती कारणास्तव पदाचा राजीनामा देत आहे.” शुक्रवार ८ जानेवारी २०१० ला त्या कार्यमुक्त झाल्या. ९ तारीख दुसरा शनिवार, मग रविवार, आणि सोमवारी ११ तारखेला दुसऱ्या विभागात रुजू. कामाचा एक दिवसही वाया गेला नव्हता.

तरी नव्या कार्यालयाने त्यांना नवीन नियुक्तीचा कर्मचारी धरलं आणि पगारातून परिभाषित अंशदान योजनेची वर्गणी कापायला सुरुवात केली. ताईंना वाटलं, नवीन नियम असेल.

आता नियम काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम ४६ सांगतो की राजीनामा दिला की आधीची सेवा जप्त होते. सहा वर्षे असोत की सोळा. पण त्याच नियमात अपवाद आहे : रीतसर परवानगीने शासनाकडीलच दुसरी नियुक्ती स्वीकारण्यासाठी राजीनामा दिला असेल, आणि त्या नव्या पदावरची सेवा पेन्शनपात्र असेल, तर आधीची सेवा जप्त होत नाही. यालाच कार्यालयात तांत्रिक राजीनामा म्हणतात. म्हणजे राजीनामा कशासाठी दिला, हे कागदावर दिसलं पाहिजे. ताईंच्या कागदावर दिसत होतं ते घर.

आणि त्यांच्या बाबतीत प्रश्न साडेसहा वर्षांपुरता नव्हता. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. २००३ ची सेवा जोडली गेली तर ताई रेषेच्या अलीकडे, नाही जोडली तर २०१० च्या नव्या माणसासारख्या पलीकडे. जुन्या योजनेत पुरेशी सेवा झालेल्याला शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन आणि त्यावर महागाई वाढ मिळते. समजा मूळ वेतन ६०,००० रुपये, तर दरमहा ३०,००० आणि महागाई वाढ, मरेपर्यंत. पलीकडे तेव्हा जे काही मिळणार होतं ते बाजाराच्या चढउतारावर. दोन शब्दांनी हे झालं.

मार्च २०२३ च्या जुन्या पेन्शनच्या संपात ताई आझाद मैदानावर गेल्या होत्या. तिथे शेजारी बसलेल्या एका कर्मचाऱ्याने विचारलं, “तुम्ही २००३ च्या, तुम्हाला कशाला संप?” तेव्हा त्यांना कळलं. तेरा वर्षांनी! त्या दुसऱ्या माणसाचे वडील मंत्रालयातून निवृत्त झालेले. त्याने हे ज्ञान जेवणाच्या ताटावर ऐकलेलं होतं. आमच्या घरात कोण सांगणार? आई कचरा वेचायची, वडील गोदीत. समाजशास्त्राच्या वर्गात सांस्कृतिक भांडवलावर आम्ही पानंच्या पानं लिहिली, पण ते सेवापुस्तकाच्या एका नोंदीत बसलेलं असतं हे ताईंकडून समजलं. आरक्षणाने दार उघडलं. आतल्या फायलीची भाषा ज्यांच्या घरात तीन पिढ्या आहे, ते आपल्याला ती आपणहून शिकवत नाहीत. त्या बाबूने मुद्दाम केलं की अज्ञानाने, ते आम्हाला ठाऊक नाही.

“कोर्टात जाऊ,” असं आमच्यातले काही लगेच म्हणाले. आम्ही थांबवलं. बीएसईएस यमुना पॉवर विरुद्ध घनश्याम चंद शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये, केंद्राच्या तशाच नियमावर, स्पष्ट सांगितलं की राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती वेगळ्या, आणि राजीनाम्याने मागची सेवा जाते. तो कर्मचारी दुसऱ्या सरकारी पदावर जात नव्हता, हा फरक खरा. पण तो फरक दाखवायला हातात कागद हवा.

कागद होता. परीक्षेच्या अर्जासाठी ताईंनी घेतलेलं नाहरकत प्रमाणपत्र. त्यांची प्रत चाळ सोडताना हरवली होती, म्हणून माहिती अधिकारात जुन्या कार्यालयाकडून आवक-जावक नोंदवहीचं पान आणि कार्यालयीन प्रत मागितली. ती मिळाली. मग नव्या पदाचा नियुक्ती आदेश, कार्यमुक्तीचा आदेश, रुजू अहवाल आणि अंतिम वेतन प्रमाणपत्र तारखेने लावलं, आणि जुन्या नियुक्ती प्राधिकाऱ्याकडे एकच मागणी केली : राजीनामा मंजुरीच्या आदेशाला शुद्धिपत्रक काढा की हा राजीनामा परवानगीने शासनातील दुसरी नियुक्ती स्वीकारण्यासाठी होता. पेन्शनची मागणी त्या अर्जात केली नाही, कारण ती त्या कार्यालयाच्या हातातच नव्हती. शुद्धिपत्रक निघायला चौदा महिने लागले. त्यावरून सेवापुस्तकात नोंद झाली. कापलेल्या वर्गणीचा हिशेब भविष्य निर्वाह निधीकडे वळवण्याची फाईल अजून फिरते आहे.

आमच्या अभ्यासिकेतली पोरं विचारतात, “आम्ही २००५ नंतरचे, आम्हाला काय फरक?” फरक आहे. तुमचा प्रान क्रमांक तोच राहतो, साठलेले पैसे जात नाहीत. पण ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने राज्याच्या नव्या योजनेतल्यांनाही उपदान मिळतं, आणि ते दर पूर्ण सहामाहीला पाव महिन्याच्या पगाराने मोजतात. पाच वर्षांची सेवा गेली तर अडीच महिन्यांचा पगार गेला, तोही निवृत्तीच्या वेळच्या दराने. साठलेली अर्जित रजा आणि वेतनसंरक्षणही याच नोंदीवर अवलंबून.

म्हणून आता निकालाच्या पेढ्याआधी आम्ही राजीनाम्याचा मसुदा वाचायला मागतो. त्यात असं वाक्य हवं : “आपल्या अमुक दिनांकाच्या परवानगीने मी अर्ज केलेल्या अमुक पदावर माझी निवड झाली असून, ती नियुक्ती स्वीकारण्यासाठी तांत्रिक राजीनामा देत आहे, माझी पूर्वसेवा नियम ४६ नुसार जोडून मिळावी.” तेवढ्यावर थांबू नका, मंजुरीचा आदेश हातात आल्यावर उभ्याउभ्या वाचा. त्यात नव्या पदाचा उल्लेख नसेल तर तिथेच परत द्या. खंडाचंही बघा. दोन पदं वेगळ्या गावी असतील तर प्रवासाच्या पदग्रहण अवधीइतका खंड रजा देऊन किंवा क्षमापित करून भरता येतो. अंधेरीहून मुलुंडला जाणाऱ्याने त्या भरवशावर राहू नये, पुढच्या कामाच्या दिवशी हजर व्हावं.

नोकरीला लागण्याआधीच दुसरा अर्ज भरला असेल तर परवानगी कुठून आणणार, हा रास्त प्रश्न आहे. केंद्राच्या नोकरीत १७ ऑगस्ट २०१६ च्या सूचनांनी वाट ठेवली आहे : रुजू होताच त्या अर्जाची लेखी माहिती द्यायची आणि राजीनाम्यात कारण लिहायचं. राज्यातही पहिल्याच आठवड्यात तसं पत्र देऊन पोच घ्या, असं आम्ही सांगतो.

गेल्या महिन्यात बोरिवलीचा एक मुलगा राज्य शासनातून महापालिकेत निघाला होता. महापालिका म्हणजे शासन नव्हे, तिचे पेन्शन नियम स्वतःचे. त्याला आम्ही राजीनामा खिशातच ठेवायला लावला आहे. मागची सेवा धरणार की नाही, हे पालिकेच्या आस्थापनेकडून त्याने लेखी मागितलंय. उत्तराची वाट बघतोय.